पाणमांजर, अर्चिन आणि केल्प: कीस्टोन प्रजाती ओळखायची कशी आणि उत्तरात मांडायची कशी

जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याची बातमी आली की पुण्यात लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पकडा आणि लांब नेऊन सोडा. दुसऱ्याचं म्हणणं, बिबट्या ही ‘कीस्टोन’ प्रजाती आहे, तिला हात लावलात तर सगळी साखळी कोसळेल. हे दुसरं वाक्य आता पेठांतल्या अभ्यासिकांमधून थेट उत्तरपत्रिकेत पोहोचलंय. ‘कीस्टोन प्रजाती म्हणजे काय, केस स्टडीसह स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की वाघ, बिबट्या, गिधाड, हत्ती, मधमाशी अशी यादी येते आणि प्रत्येकापुढे ‘परिसंस्थेसाठी अत्यंत महत्त्वाची’ असा शेरा. असे गठ्ठे तपासताना हात आखडतो तो याच जागी. जंगलात बिनमहत्त्वाचं कोण असतं? यादीतून ते कळत नाही, त्यामुळे गुण द्यायला आधारच सापडत नाही.

अमुक प्रजाती कीस्टोन आहे, हे विधान तपासून बघता येतं. ती जिथे नाही तिथे काय झालं, हे कुणीतरी जाऊन पाहिलेलं असावं लागतं. असं नीट पाहिलेलं एक प्रकरण इथे सविस्तर घेते, आणि मग त्याचं दहा गुणांचं उत्तर कसं लिहायचं ते सांगते.

## कीस्टोन म्हणजे नेमकं काय

अलका टॉकीजचा चौक डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सातची वेळ, शेकडो दुचाकी, आणि मध्ये एक ट्रॅफिक पोलीस. शेकडोंतली एक दुचाकी कमी झाली तर कुणाला पत्ता लागणार नाही. तो एक पोलीस चहाला गेला तर लक्ष्मी रोडपर्यंत रांग लागते. चौकात दुचाक्यांचाही परिणाम मोठा आहे, पण तो त्यांच्या संख्येमुळे. पोलिसाचा परिणाम त्याच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहे.

कीस्टोन प्रजातीची व्याख्या एवढीच: संख्येच्या किंवा वजनाच्या मानाने जिचा परिणाम फार मोठा, ती. मराठीत तिला कळीची प्रजाती म्हणूया. सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात झाडांचा परिणाम प्रचंड आहे, पण झाडंच तिथे बहुसंख्य आहेत. त्यांना प्रभावी किंवा वर्चस्व असलेली प्रजाती म्हणतात. उत्तरात हे दोन्ही एकाच पारड्यात टाकले की परीक्षकाला कळतं, व्याख्या पाठ आहे पण उमगलेली नाही.

ही संकल्पना रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाची. वॉशिंग्टन राज्यातल्या खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यातून तो तारामासे उचलून समुद्रात फेकून देत राहिला आणि शेजारचा पट्टा त्याने तसाच ठेवला. तारामासे गेलेल्या पट्ट्यात शिंपल्यांनी हळूहळू सगळी जागा बळकावली आणि तिथल्या प्रजाती १५ वरून ८ वर आल्या. हे त्याने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. कीस्टोन हा शब्द १९६९ मध्ये वापरला. काढून बघणं आणि शेजारी न काढलेलं ठेवणं, एवढीच त्याची युक्ती. पुढच्या गोष्टीत माणसाने ही काढाकाढी प्रयोग म्हणून केली नव्हती. पैशासाठी केली होती.

## एका कातड्याचा व्यापार

समुद्री पाणमांजर उत्तर पॅसिफिकच्या थंडगार पाण्यात राहतं. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याला नसतो. ऊब मिळते ती अतिशय दाट केसांतून आणि सतत खाण्यातून. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग अन्न त्याला लागतं, म्हणजे २५ किलोचं जनावर रोज सहा किलोच्या आसपास खातं. त्यात अर्चिन हे त्याचं आवडतं खाद्य. अर्चिन म्हणजे काटेरी चेंडूसारखा, समुद्राच्या तळावर सरपटणारा जीव.

त्या दाट केसांनीच घात केला. १७४१ च्या रशियन मोहिमेनंतर पाणमांजराच्या कातड्याचा व्यापार सुरू झाला आणि जवळजवळ पावणेदोन शतकं चालला. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली तेव्हा दीडेक ते तीन लाखांपैकी हजार-दोन हजार जनावरं उरली होती, तीही तुटक-तुटक ठिकाणी. पुढे काही बेटांभोवती ती पुन्हा वाढली. काही बेटांपर्यंत पोहोचलीच नाहीत. अशा रीतीने व्यापाऱ्यांनी नकळत एक तुलना मांडून ठेवली: तोच समुद्र, तीच थंडी, काही बेटांवर पाणमांजर आहे आणि काहींवर नाही.

## अमचिटका आणि शेम्या

अलास्काच्या अल्युशियन बेटमालेतल्या अमचिटकावर जेम्स एस्टेस हा तरुण संशोधक १९७० च्या सुमारास पाणमांजरांचा अभ्यास करत होता. केल्पमुळे पाणमांजरांचं पोट कसं भरतं, असा त्याचा मूळ प्रश्न होता. केल्प म्हणजे समुद्राखाली झाडांसारखं उभं वाढणारं मोठं शेवाळ. त्याची अक्षरशः जंगलं असतात. त्याच काळात पेन तिथे आला होता. त्याने प्रश्न उलटा करायला सुचवलं: पाणमांजरामुळे केल्पचं काय होतं, ते बघ.

मग एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो यांनी बेटांची तुलना केली. पाणमांजरं असलेल्या अमचिटकाभोवती केल्प दाट होतं. अर्चिन होते, पण लहान आणि विरळ. पाणमांजरं नसलेल्या शेम्याभोवती तळ उघडा पडलेला, त्यावर मोठाले अर्चिन एकमेकांना चिकटून, आणि केल्प नावापुरतं. १९७४ मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात आलं.

इथे अर्चिनच्या वागण्याकडे नीट बघायला हवं, कारण उत्तरातला ‘कसं’ हा भाग इथेच दडलाय. शत्रू आसपास असेल तर बरेच अर्चिन खडकाच्या फटींत बसून राहतात आणि वरून गळून आलेले केल्पचे तुकडे खातात. शत्रू नसला आणि तुकडे पुरेनासे झाले की ते बाहेर पडतात आणि उभ्या केल्पवर चरायला लागतात. केल्पला जमिनीतल्या झाडासारखी मुळं नसतात. खडकाला घट्ट धरणारी एक पकड असते. अर्चिनने ती पकड कुरतडली की अख्खं केल्प सुटून प्रवाहाबरोबर निघून जातं. अर्चिनच्या पोटात त्यातला थोडासाच भाग जातो, पण जंगल पूर्ण जातं. थोडेसे अर्चिन वाढल्यावर एवढी नासाडी कशी, याचं उत्तर हे.

## साखळीचं गणित

खालून वर जाणाऱ्या अन्नाच्या पायऱ्यांना पोषण पातळ्या म्हणतात: केल्प, त्यावर अर्चिन, त्यावर पाणमांजर. वरच्या पातळीवर झालेला बदल एक पातळी ओलांडून खाली पोहोचला तर त्याला ट्रॉफिक कॅस्केड म्हणतात. ‘ओलांडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाणमांजराने अर्चिन खाल्ला, इथपर्यंत ती नुसती शिकार. त्यामुळे केल्प वाढलं, तेव्हा कॅस्केड झालं.

परिणामाची दिशा शाळेतल्या चिन्हांनी काढता येते. पाणमांजर अर्चिन कमी करतं: उणे. अर्चिन केल्प कमी करतो: उणे. उणे गुणिले उणे अधिक, म्हणून पाणमांजर वाढलं की केल्प वाढतं. वर आणखी एक शिकारी आला तर? पाणमांजर खाणारा. मग तीन उणे, उत्तर उणे: तो वाढला की केल्प घटेल. परीक्षेत साखळीत चौथी पातळी घालून प्रश्न फिरवलेला असेल तर गोंधळू नका, चिन्हं मांडा.

चौथ्या पातळीवरचा असा शिकारी पुढे खरोखरच आला.

## ‘पण दोन बेटं वेगळीच असतील तर?’

हा आक्षेप रास्त आहे. पोलीस नसलेल्या चौकात कोंडी दिसली आणि पोलीस असलेल्या चौकात नाही, तर कुणीही म्हणेल, तो चौकच अरुंद असेल. शेम्या आणि अमचिटका यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर आहे. त्याच चौकातून पोलीस गेल्यावर काय होतं, हे बघायला मिळालं तर जास्त खात्री पटेल.

ते १९९० च्या दशकात घडलं. अल्युशियन बेटांच्या मोठ्या पट्ट्यात पाणमांजरं वर्षाला सुमारे २५ टक्क्यांनी घटू लागली. एडॅक बेटावर एस्टेसच्या गटाकडे आधीची मोजमापं तयार होती. १९८७ ते १९९७ या काळात तिथे अर्चिनचं एकूण वजन आठपट झालं आणि केल्पची घनता बारापटीने घसरली. चराईचा वेगही मोजलेला होता: १९९१ मध्ये अर्चिन दिवसाला केल्पचा सुमारे १ टक्का भाग खात होते, १९९७ मध्ये ४७ टक्क्यांहून जास्त. बेट तेच, समुद्र तोच.

आता पुढचा आक्षेप: पाणमांजरं कशाने घटली? रोग? उपासमार? त्याच कारणाने केल्पही मेलं असेल तर? चौकातून पोलीस गेला त्याच दिवशी पाऊसही पडला असेल तर कोंडीचं खापर कुणावर फोडणार?

उपासमारीचं कारण लगेच बाद होतं, कारण अन्न, म्हणजे अर्चिन, वाढतच होते. रोगाने मेली असती तर किनाऱ्यावर मढी सापडायला हवी होती. ती फारशी सापडली नाहीत. संशोधकांना मात्र ओर्का, म्हणजे किलर व्हेल, पाणमांजरांवर हल्ला करताना दिसू लागले होते. पण खरा निर्णायक पुरावा एडॅकवरच्या दोन जागांनी दिला. क्लॅम लगून नावाच्या खाजणाचं तोंड इतकं अरुंद आणि उथळ आहे की ओर्का आत शिरू शकत नाही. शेजारचा कुलुक उपसागर उघडा आहे. पाणी तेच, हवामान तेच, रोगाची शक्यताही तीच. १९९३ नंतरच्या चार वर्षांत कुलुकमधली पाणमांजरं तीन चतुर्थांशाच्या आसपास घटली. क्लॅम लगूनमधली जवळपास तेवढीच राहिली.

हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक हिशेब होता, तो वाचून मी थक्क झाले होते. सहा वर्षांत नाहीशी झालेली सुमारे ४०,००० पाणमांजरं संपवायला, निव्वळ भुकेच्या हिशेबाने, चारहून कमी ओर्का पुरेसे होते. अर्थात, ओर्कांनी एकाएकी हा आहार का धरला, यावर मतभेद आहेत. सील आणि सी लायन घटले म्हणून, असं एक मत आहे, आणि ते का घटले यावर वेगळाच वाद. उत्तरात हा धागा ओढायचा असेल तर ‘संभाव्य कारण’ असं लिहा.

## ‘पाणमांजर नसलं तरी केल्प असतंच की काही ठिकाणी’

असतं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरून पाणमांजर कातड्याच्या व्यापारातच संपलं होतं, तरी तिथे केल्पची जंगलं एकविसाव्या शतकापर्यंत उभी होती. सिद्धान्त चुकला म्हणायचं का?

तिथे अर्चिनवर दुसराही पहारा होता: सूर्यफुलासारखा दिसणारा, अनेक हातांचा मोठा तारामासा. २०१३ पासून तारामाशांमध्ये एक रोग पसरला आणि हा तारामासा जवळपास नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ दरम्यान समुद्रात उष्णतेची लाट आली. कोमट पाण्यात केल्प नीट वाढत नाही. दोन्ही एकदम झालं आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेलं. दक्षिण कॅलिफोर्नियात शीपहेड मासा आणि लॉबस्टर हेही अर्चिन खातात, त्यामुळे तिथलं चित्र आणखी वेगळं.

म्हणजे पाणमांजराचं कीस्टोनपण जागेवर अवलंबून आहे. अल्युशियनच्या पाण्यात अर्चिनला आवरणारं दुसरं तोलामोलाचं कुणी नाही, म्हणून तिथे ते कळीचं. जिथे पर्यायी शिकारी आहे तिथे तेच जनावर तितकं निर्णायक ठरत नाही. म्हणून उत्तरात ‘पाणमांजर ही कीस्टोन प्रजाती आहे’ यापेक्षा ‘अल्युशियन बेटांजवळ पाणमांजर कीस्टोन ठरते’ हे वाक्य जास्त वजनदार आहे.

परतीची वाटही सरळ नसते. केल्प संपल्यावर अर्चिन मरतील आणि सगळं पूर्ववत होईल, असं वाटतं. पण उपाशी अर्चिन शरीर आक्रसून वर्षानुवर्षं तग धरतात आणि केल्पचा कोवळा कोंब दिसला की तो फस्त करतात. शिवाय असा उपाशी अर्चिन आतून जवळपास रिकामा असतो, त्यामुळे पाणमांजरालाही त्यात फारसं काही मिळत नाही. उजाड तळ बराच काळ उजाड राहतो तो यामुळे.

## मग आपल्या बिबट्याचं काय?

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बिबट्याच्या आहाराच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव व गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. बिबट्या कुत्री खातो, हे इथे पक्कं झालं. बिबट्या नसता तर कुत्री वाढली असती, हे मात्र त्यातून निघत नाही. गावातल्या कुत्र्यांची संख्या बरीचशी उकिरडा आणि उरल्यासुरल्या अन्नावर ठरते. खाल्लेल्या कुत्र्यांची जागा नवी पिल्लं भरून काढत असतील, तर परिणाम शून्याच्या जवळही असू शकतो. बिबट्या असलेली आणि नसलेली, पण उकिरडे सारखे असलेली गावं घेऊन मोजल्याशिवाय कॅस्केडचा दावा अर्धाच राहतो. बिबट्याला जगू द्यावं की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याची उत्तरं कीस्टोनवर अवलंबून ठेवायची गरज नाही.

गिधाडाचंही थोडं असंच. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं कोसळली, यात शंका नाही, आणि त्याचे परिणामही मोठे आहेत. पण गिधाड कुत्रा खात नाही. दोघं एकाच मढ्यावर जगतात. गिधाड गेल्यावर कुत्र्यांना जास्त मिळालं, तर ती स्पर्धा सुटली म्हणून. त्याला ट्रॉफिक कॅस्केड म्हणून केस स्टडीत घातलं तर जाणकार परीक्षक तिथे लाल गोल करतो.

## दहा गुणांचं उत्तर

दीडशे शब्दांत व्याख्येला एकच वाक्य द्या. मग जागा आणि तिन्ही जीवांची नावं. मग साखळी, दिशेसह: कोण वाढल्यावर काय घटलं. त्यानंतर पुरावा, आणि उत्तराचा सगळ्यात मोठा भाग हाच हवा. पुराव्यात दोन्ही बाजू लागतात, प्रजाती असलेली आणि नसलेली. शेवटी दुसरं कारण शक्य होतं का, आणि हा निष्कर्ष कुठे लागू पडत नाही. आकृती काढायची तर तीन चौकोन पुरेत. बाणांवर अधिक-उणे चिन्हं मात्र हवीतच. चिन्हांविना बाण म्हणजे नुसती अन्नसाखळी, आणि तिला कॅस्केडचे गुण मिळत नाहीत.

‘पाणमांजरे नष्ट झाल्याने परिसंस्थेचा समतोल बिघडला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक उत्तरात असतं. समतोल म्हणजे काय, किती बिघडला, कशावरून? त्याऐवजी असं:

> कीस्टोन प्रजाती म्हणजे संख्येच्या मानाने परिसंस्थेवर फार मोठा परिणाम करणारी प्रजाती. अल्युशियन बेटांजवळील समुद्री पाणमांजर हे त्याचे उदाहरण. पाणमांजर अर्चिन खाते आणि अर्चिन केल्प खातो. म्हणून पाणमांजर असल्यास केल्प टिकते. हा ट्रॉफिक कॅस्केड होय. १९७४ च्या अभ्यासात पाणमांजर असलेल्या अमचिटकाजवळ दाट केल्प व विरळ अर्चिन, तर पाणमांजर नसलेल्या शेम्याजवळ मोठे, दाट अर्चिन व उजाड तळ आढळला. पुढे एडॅकजवळ पाणमांजरे घटल्यावर १९८७ ते १९९७ मध्ये अर्चिनचा जैवभार आठपट वाढला व केल्पची घनता बारापटीने घटली. ओर्का पोहोचू न शकणाऱ्या क्लॅम लगूनमध्ये पाणमांजरे स्थिर राहिली, शेजारच्या कुलुक उपसागरात घटली. त्यामुळे रोग वा उपासमारीपेक्षा ओर्कांची शिकार हे कारण अधिक संभवते. मात्र हा परिणाम स्थानसापेक्ष आहे. कॅलिफोर्नियात शीपहेड व लॉबस्टर हेही अर्चिन रोखतात, पूर्वी तारामासाही रोखत असे आणि सागरी उष्णतेची लाटही केल्प नष्ट करते. म्हणून केल्पच्या पुनरुज्जीवनासाठी पाणमांजरांच्या संरक्षणाबरोबर काही ठिकाणी अर्चिन हाताने काढावे लागतात.

यात पेनचा प्रयोग नाही आणि ओर्कांच्या भुकेचा हिशेबही नाही. दोन्ही मोहात पाडणारे आहेत, पण पहिला वेगळ्या किनाऱ्यावरचा आणि दुसऱ्याशिवाय युक्तिवाद अडत नाही. वीस गुणांचा प्रश्न आला तर पेन व्याख्येपाठोपाठ घ्या, आणि पाणमांजर गेल्याचे दूरचे परिणाम शेवटाआधी: अल्युशियनमध्ये केल्प घटल्यावर तिथल्या बाल्ड ईगल गरुडांच्या आहारात केल्पमधले मासे आणि पाणमांजराची पिल्लं कमी झाली, समुद्रपक्षी वाढले. आकडे आठवत नसतील तर ठोकून देऊ नका. ‘कित्येक पटींनी’ लिहिलं तरी तुलना शाबूत राहते. बेटांची नावं मात्र अदलाबदल होऊ देऊ नका. शेम्याजवळ केल्प आणि अमचिटकाजवळ अर्चिन लिहिलेली उत्तरं माझ्यापुढे येतात, आणि मग खालचा सगळा युक्तिवाद बरोबर असूनही उलटा वाचावा लागतो.